नदीचा उतार कोण राखतो?

नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या शेजारी तिगाव नावाचे एक गाव आहे. राज्यपुनर्रचनेत हा सारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी घराघरांतली बोली मराठी आहे आणि पोळा आपल्या विदर्भासारखाच साजरा होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या परिसरातील लोक पांढुर्ण्यास लोटतात. जाम नदीच्या एका थडीवर पांढुर्णा, समोरच्या थडीवर सावरगाव, आणि मधोमध पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावर निशाण. ते निशाण काढून नेण्यासाठी जो पात्रात उतरतो, त्याच्यावर दगडांचा वर्षाव होतो. हीच ती गोटमार. या प्रथेत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत, आणि ती थांबवण्याचे सरकारी प्रयत्न आजवर फोल ठरले आहेत. प्रथेच्या योग्यायोग्यतेचा विचार आम्ही अन्यत्र करू. आज आम्हांस तिच्यात दिसते ते निराळेच. नदी ही बचावाची रेषा कशी होते, याचे इतके उघड प्रात्यक्षिक दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. थडीवर उभा असलेला मनुष्य कोरड्या पायांवर, उंचावर असतो आणि त्याच्या हाताशी दगडांची रास असते. पात्रातला मनुष्य गोट्यांवरून घसरतो, त्याला पळता येत नाही, वाकून चुकवता येत नाही, आणि पाय स्थिर नसल्याने नेम धरून फेकताही येत नाही. पाणी शत्रूला मारीत नाही. ते त्याला केवळ सावकाश चालावयास लावते, आणि मारण्याचे काम थडीवरच्याने करावयाचे असते.

ही दुसरी गोष्ट विसरली की नदी निरुपयोगी होते. आपल्या इतिहासात ती विसरली गेल्याची जी उदाहरणे आहेत, त्यांतील सर्वांत महागडे उदाहरण ज्या सैन्याचे, त्यात नागपूरकर भोसल्यांची फौज होती. पांढुर्णा-सौसरचा मुलूख तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात मोडत असे. स्थळ आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले असई, आणि दिवस 23 सप्टेंबर 1803.

प्रथम नदीविषयी थोडे. लष्करी दृष्टीने नदी म्हणजे तिचे सारे पात्र नव्हे. दहा कोस लांबीच्या पात्रात डोह असतात, उभ्या दरडी असतात, चिखल असतो, आणि त्यांमध्ये कुठे कुठे उतार असतात. उतार म्हणजे जेथे तळ कठीण आहे, दोन्ही थड्यांवर चढण्या-उतरण्यास वाट आहे, आणि पाणी बेताचे आहे अशी जागा. जुन्या लष्करी हिशेबाने पायदळ कंबरेइतक्या, म्हणजे सुमारे तीन फूट पाण्यातून जाऊ शकते. घोडदळास चार फूट चालते. तोफांचे गाडे व दारूगोळ्याच्या गाड्या यांना मात्र अडीच फुटांच्या वर पाणी नको, कारण दारू भिजली की तोफ म्हणजे नुसते ओझे. प्रवाह जोराचा असला तर हे आकडेही कमी धरावे लागतात. म्हणजे ज्या उतारावरून स्वार सहज जातो, तेथे तोफखाना अडकून पडू शकतो, आणि तोफखान्यावाचून पलीकडे पोचलेला स्वार पुष्कळदा परत येत नाही. यावरून ध्यानात येईल की नदी राखावयाची म्हणजे तिचे मोजके उतार राखावयाचे, आणि उरलेल्या पात्रावर नजर ठेवावयाची. सर्वच थडीवर माणसे पसरून ठेवणारा सेनापती कुठेच बळकट राहत नाही. जाणता सेनापती उताराउताराशी थोडकी चौकी ठेवतो आणि मुख्य फौज मागे एकत्र राखतो. शत्रूची अर्धी फौज अलीकडे व अर्धी पलीकडे अशी तुटली की मग तिच्यावर तुटून पडतो. चिनी युद्धशास्त्रज्ञ सुन त्झू याने अडीच हजार वर्षांपूर्वी हाच सल्ला दिला होता.

आता असईकडे वळू. वसईच्या तहाने पेशवा इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि त्यातून ऑगस्ट 1803 मध्ये दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. अहमदनगर घेऊन, गोदावरी ओलांडून मेजर-जनरल आर्थर वेलस्ली औरंगाबादेस आला. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जो प्रसिद्धीस आला तोच हा. नद्यांचा त्याने आधीच बारीक विचार केला होता. मराठ्यांशी लढावयाचे तर पावसाळ्यात लढावे, असे त्याचे मत होते. नद्या भरल्या म्हणजे मराठी घोडदळाची चपळाई संपते, आणि आपण कातड्याने मढवलेल्या वेताच्या गोल टोपल्यांच्या होड्या जवळ बाळगल्या तर त्याच नद्या आपणांस अडवू शकत नाहीत, असा तो हिशेब. ज्या देशाच्या नद्या, त्या देशाच्या सैन्याने हा विचार अधिक खोलवर केलेला असावयास हवा होता, एवढेच येथे म्हणून पुढे जातो.

21 सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन 24 तारखेस मराठ्यांवर एकदम हल्ला करावयाचा असे ठरले. परंतु 23 तारखेस नळणीच्या मुक्कामी वेलस्लीला कळले की मराठे सहाच मैलांवर आहेत. स्टीव्हन्सनची वाट पाहिली तर ते निसटतील, या भीतीने त्याने बाडबिस्तरा तेथेच ठेवला आणि तो एकटाच पुढे निघाला. पुढे जाऊन त्याने जे पाहिले त्याने दुसरा कोणी माघारी फिरला असता. केळणा नदीच्या उत्तर थडीवर मैलोगणती मराठ्यांची छावणी पसरली होती. पश्चिमेस भोकरदनकडे घोडदळ, पूर्वेस असईकडे कवायती पायदळ, आणि शंभरावर तोफा. कवायती पलटणी सुमारे दहा-अकरा हजारांच्या होत्या. त्यांतील बहुतेक पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली होत्या, आणि बेगम समरूच्या पलटणीही तेथे होत्या. घोडदळ तीस-चाळीस हजारांचे. वेलस्लीजवळ कंपनीची फौज होती सात हजारांच्या आसपास, शिवाय म्हैसूरचे व पेशव्याचे मिळून पाचेक हजार स्वार. समोर उभ्या दरडींची नदी, आणि जो ठाऊक असलेला उतार होता तो मराठ्यांच्या तोफांच्या थेट माऱ्यात.

वाटाड्यांना विचारले, तेव्हा दुसरा उतार नाही असे त्यांनी ठामपणे सांगितले. येथे वेलस्लीने जे केले ते समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात लष्करी विद्येपेक्षा गावगाड्याचे ज्ञान अधिक होते. मराठ्यांच्या डाव्या बगलेच्याही पलीकडे, पूर्वेस, त्याला दोन गावे दिसली. अलीकडच्या थडीवर पिंपळगाव, आणि पलीकडच्या थडीवर, त्याच्या अगदी समोर, वरूड. नदीच्या दोन थड्यांवर दोन गावे अशी समोरासमोर कधी वसतात? लोकांचे येणेजाणे असते तेव्हा. एका गावची लेक दुसऱ्या गावी दिलेली असते, एकाची गुरे दुसऱ्याच्या शिवारात चरावयास जातात, बाजार एका थडीवर भरतो आणि देऊळ दुसऱ्या थडीवर असते. हे सारे व्यवहार उताराशिवाय चालणार नाहीत. वेलस्लीने असा तर्क केला आणि त्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी कॅप्टन जॉन्सन या अधिकाऱ्यास पाहून यावयास धाडले. उतार होता. त्यावर चौकी नव्हती.

ही घटना सांगताना इंग्रज लेखक वेलस्लीच्या बुद्धीची वाखाणणी करतात, आणि ती रास्तच आहे. पण आपण दुसऱ्या बाजूनेही पाहावयास हवे. मराठी छावणी तेथे तळ देऊन होती. तिचे घोडे त्याच नदीवर पाणी पीत होते. छावणीपासून थोड्याच अंतरावरचा तो उतार भोवतालच्या गावांतील गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असणार. तेथे दोन तोफा आणि एक पलटण ठेवली असती तरी वेलस्लीची सारी योजना पाण्यात गेली असती. वाटाड्यांनी उतार नाही म्हणून सांगितले, यातही नवल नाही. लष्कराने पुढे धरून चालवलेला गावकरी ज्या वाटेची पक्की खात्री देता येत नाही ती वाट सांगत नाही, कारण फौज बुडाली तर शीर त्याचे जाते.

उतार ओलांडण्याचे काम दुपारी तीनच्या सुमारास सुरू झाले. मराठी छावणीसमोरून पूर्वेकडे सरकत गेलेली ती रांग पोलमनच्या तोफांना दिसत होती, आणि पात्रात उतरताना तिच्यावर गोळे पडू लागले. वेलस्लीच्या अगदी जवळ असलेल्या एका स्वाराचे डोके गोळ्याने उडाले. त्याचे धड खोगिरावर तसेच राहिले आणि घोडा बिथरून उधळला. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या दिवशी वेलस्लीबरोबर होता. म्हैसूरचे व पेशव्याचे स्वार वेलस्लीने दक्षिण थडीवरच ठेवले. मराठी घोडदळ त्याच्या पाठीवर आले असते तर अडवावयास कोणी तरी हवे होते, आणि नदी पाठीशी घेऊन लढणाऱ्याला माघारीची वाट राखावी लागते.

सुन त्झूने सांगितलेला क्षण तो हाच. फौज अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. तोफांचे बैल पात्रात. पलीकडे गेलेले पायदळ अजून रांगेत उभे राहिलेले नाही. अशा वेळी असईकडील पलटणींपैकी चार-पाच जरी झपाट्याने वरूडच्या वाटेवर तुटून पडल्या असत्या, किंवा हजारोंनी असलेल्या घोडदळाने नदी ओलांडून दक्षिण थडीवरील स्वारांना मागे रेटले असते, तर वेलस्ली दोन्ही बाजूंनी कापला गेला असता. यातले काहीही घडले नाही. घोडदळ लढाईभर बहुतांशी निष्क्रिय राहिले. नाव घ्यावयास सेनापती पुष्कळ होते, परंतु शिंद्यांच्या पलटणी, भोसल्यांचे पायदळ आणि दोघांचे स्वार या तिघांना एका वेळी एक हुकूम देणारा कोणी नव्हता. नदी राखताना हा दोष सर्वाधिक भोवतो. खुल्या मैदानात चूक सुधारावयास वेळ मिळतो. उतारावर मात्र शत्रू दुर्बल असतो तो घटका-दोन घटका. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर नदी तुमच्या उपयोगाची राहिली नाही असे समजावे.

पोलमनने जे केले ते मात्र कमी प्रतीचे नव्हते. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली आपली सारी रांग त्याने काटकोनात वळवली आणि पूर्वेकडे तोंड करून उभी केली. उजवी बगल केळणेवर, डावी असई गावावर, आणि असईच्या मागे उत्तरेस जुई नदी. कवायती पलटणी इतक्या सफाईने फिरतील याची वेलस्लीला कल्पना नव्हती. मोकळ्या बगलेवर जाऊन पडण्याचा त्याचा बेत तेथेच फसला आणि त्याला तोफांच्या पुऱ्या रांगेवर समोरून चालून जावे लागले. मात्र दोन नद्यांमधील ही जीभ इतकी अरुंद होती की मराठ्यांची संख्या तिच्यात मावेना, आणि वेलस्लीच्या दोन्ही बगला नद्यांनी आपोआप झाकल्या. जी नदी मराठ्यांचा तट होती तीच त्या संध्याकाळी इंग्रजांची भिंत झाली. त्याच्या तोफांचे बैल पहिल्या माऱ्यात पडले, तोफा मागे राहिल्या, आणि पायदळ संगिनी रोखून पुढे गेले. मराठी गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. काहींनी मेल्याचे सोंग केले आणि इंग्रज पुढे जाताच तोफा फिरवून त्यांच्या पाठीवर डागल्या. उजव्या टोकाशी असईच्या दिशेने भरकटलेली इंग्रजांची एक तुकडी व 74वी पलटण जवळजवळ कापली गेली. शेवटी मराठे जुई ओलांडून उत्तरेस निघून गेले, 98 तोफा मागे राहिल्या, आणि इंग्रजांचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे पंधराशे ऐंशी लोक पडले. थकलेल्या इंग्रजांना पाठलाग करता आला नाही.

या घटनेच्या त्रेचाळीस वर्षे आधी यमुनेवर हेच घडले होते. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा अब्दाली पैलथडीवर पुराच्या पाण्याकडे पाहत हात चोळीत बसला होता. पुढे आठवड्याभरातच, 25 ऑक्टोबरच्या सुमारास, त्याला बागपतजवळ उतार सापडला. ओलांडताना त्याची माणसे वाहून गेली, पण फौज अलीकडे आली आणि दिल्ली व मराठी लष्कर यांच्यामध्ये उभी राहिली. तेथेही उताराशी पुरेशी चौकी नव्हती. उलट त्याच वर्षी जानेवारीत बुराडी घाटावर चौकी होती, खुद्द दत्ताजी शिंदे धावून आले होते, तरी नदी राखली गेली नाही. हिवाळ्यात यमुनेचे पात्र फुटून बेटे उघडी पडतात आणि त्यांवर झाऊची दाट झुडपे माजतात. रोहिल्यांचे बंदूकवाले त्या झुडपांत शिरले. भाला-तलवारीच्या स्वाराला तेथे घोडा फेकावयास जागा नव्हती. 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी तेथेच पडले. चौकी असून भागत नाही. त्या जागेस साजेसे हत्यार चौकीजवळ असावे लागते.

आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना एवढ्याने समाधान होऊ नये, कारण आमच्या नद्यांना आणखी एक अंग आहे. देशावरच्या नदीचा उतार ऋतूप्रमाणे बदलतो. आमच्या खाडीचा उतार दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा मिटतो. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरांचा असतो. म्हणजे जेथे ओहोटीला गुडघाभर पाणी, तेथे सहा तासांनी पुरुषाच्या डोक्यावरून पाणी जाते. तिसवाडीभोवतीच्या मांडवी, जुवारी व कुंभारजुव्याच्या पाण्यावर पोर्तुगीजांचा सारा भरवसा होता तो यामुळेच. त्या पाण्याचे घड्याळ ज्याने अचूक ओळखले त्याचे नाव संभाजीराजे.

1683 च्या नोव्हेंबरात विजरई कोंदे दे आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. संभाजीराजे येताच वेढा उठवून त्याला दुर्भाटच्या दिशेने नदीकडे हटावे लागले आणि मोठ्या हालअपेष्टा सोसून तो गोव्यास परतला. पाठोपाठ 24 नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटी लागलेली असताना, मराठ्यांची एक लहानशी तुकडी पाण्यातून चालत जुवें बेटावर चढली आणि तेथला किल्ला तिने घेतला. संख्या थोडी होती, होड्या नव्हत्या, तोफा तर नव्हत्याच. घेण्यासारखी वेळ तेवढी घेतली होती. दुसऱ्या दिवशी विजरई सुमारे चारशे माणसे घेऊन बेट सोडवावयास आला. तोवर मराठ्यांना कुमक पोचली होती. पोर्तुगीजांची फळी फुटली, ते चिखलातून व पाण्यातून पळू लागले, पुष्कळ मारले गेले व पुष्कळ बुडाले. विजरई स्वतः जखमी होऊन कसाबसा निसटला. त्याचा पाठलाग करावयास संभाजीराजांनी घोडा पाण्यात घातला, तेव्हा भरती चढत होती, घोडा पोहणीस लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून तो परत फिरवला, अशी परंपरागत हकीकत आहे. ज्या पाण्याने आदल्या रात्री वाट दिली होती त्यानेच ती दुसऱ्या दिवशी बंद केली. खाडी ओलांडणाऱ्याने परतीची ओहोटी आधी मोजून ठेवावी लागते ती एवढ्यासाठी.

पूल आले, तेव्हा उतारांचे महत्त्व संपले असे वाटण्याचा संभव आहे. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली तेव्हा पोर्तुगीजांनी बाणस्तारीसारखे पूल उडवून दिले. मागे हटत जावयाचे आणि प्रत्येक नदीशी शत्रूला थोडे अडकवावयाचे, हा त्यांचा हिशेब होता. परंतु उडवलेल्या पुलाच्या मागे बंदुका घेऊन कोणी बसले नाही, तर तो पूल केवळ काही तासांचा अडथळा ठरतो. 18 तारखेच्या संध्याकाळी आपले जवान बेतीला मांडवीच्या काठावर पोचले. समोर पणजीचे दिवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेरीबोटींनी आणि होड्यांनी पलीकडे गेले. त्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर सगत सिंग यांच्याकडे होते.

दहा वर्षांनी, 1971 च्या डिसेंबरात, तेच सगत सिंग लेफ्टनंट जनरल म्हणून मेघना नदीच्या पूर्व काठावर उभे होते. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सेनेने उडवला होता आणि तिचे सारे लक्ष तेथेच खिळले होते. सगत सिंगांनी पुलाचा नाद सोडला. 9 डिसेंबरपासून, जेमतेम डझनभर एमआय-4 हेलिकॉप्टरे पुन्हा पुन्हा फेऱ्या घालून जवानांना पैलथडीवर पोचवू लागली. पहिली तुकडी उतरली तेव्हा तेथे शत्रूची चौकी नव्हती. मागून उरलेले लोक आसपासच्या गावांच्या नावांतून आले, आणि ढाक्याची वाट मोकळी झाली.